चप्पल रोज पायरीवर राहत नाही
‘कादंबरी वर्तमानकाळात लिहितोय. प्रसंगाला घाई हवी होती, पण तो दिनक्रमासारखा वाचला जातो. असं का?’

मराठीत साधा वर्तमानकाळ सवयही सांगतो, गोची तिथेच आहे. ‘सुमन ठाण्याला उतरते, पनवेल गाडी पकडते’ हे वाचून ती रोजच तसं करते असं वाटतं. एकदाच घडणारं काही द्या: ‘सुमन जिना उतरते. गाडी सुटतेय. तिची एक चप्पल पायरीवरच राहते.’ चप्पल रोज राहत नाही, म्हणून हा क्षण आजचा होतो. ‘सुटतेय’सारखी रूपं मात्र मागे चालू असलेल्या गोष्टीपुरतीच ठेवा, नाहीतर क्रिकेटचं समालोचन होतं.

भूतकाळातल्या निवेदकाला पुढचं ठाऊक असतं. ‘ती गाडी चुकली आणि पुढची सहा वर्षं बदलली’ असं तो म्हणाला, की वाचक त्या सहा वर्षांची वाट बघतो. वर्तमानकाळात सुमनच्या सोबतच धावणाऱ्या निवेदकाला हे म्हणता येत नाही. त्याच्याकडे ‘मित्र नेरूळला थांबेल’ एवढंच असतं, आणि ती फक्त सुमनची आशा असते. मला ती जवळीक फार मोलाची वाटते. पण वर्षं ओलांडायची असतील तर मी नवीन प्रकरण सुरू करून सरळ भूतकाळात जाते.