शब्दचर्चा: संसक्ती आणि सुसंगती – परिच्छेद जोडलेला दिसतो, तरी तुटक का वाटतो?

अकरावीची मॅडम (नाशिक)
मी कॉलेजात मराठी शिकवते. परिच्छेद-लेखन तपासताना एकच अडचण वारंवार येते. खालचा परिच्छेद बघा. मुलांच्या वह्यांत दिसतं तसंच मी जुळवलंय:

«नाशिक शहर गोदावरीच्या काठी वसलेले आहे. त्यामुळे पावसाळ्यात गोदावरीला पूर येतो. तसेच गंगापूर धरण शहराच्या वरच्या बाजूला आहे. परंतु धरणातून पाणी सोडले जाते. म्हणून काठावरच्या दुकानदारांचे नुकसान होते. शिवाय महापालिकेने उपाययोजना करावी.»

व्याकरण चुकलेलं नाही. जोडशब्दही आहेत, तेही आम्हीच फळ्यावर लिहून दिलेले. तरी वाचताना दर वाक्याला ठेच लागते. संसक्ती, म्हणजे शब्दांतून दिसणारी जोडणी, आहे; पण सुसंगती, म्हणजे अर्थाचा सलग धागा, नाही, असं म्हणावं का? आणि मुलांना हे समजावायचं कसं?

शुद्धलेखनप्रेमी
आधी हे सांगा, «सुसंगती» बरोबर की «सुसंगतता»? मला दुसरा शब्द योग्य वाटतो.

अकरावीची मॅडम
दोन्ही चालतात हो. प्रश्न तो नाहीये.

पिंपळगावकर
सोपं आहे मॅडम. जोडशब्द काढून टाका. चांगल्या लेखकाला तथापि-परंतुची गरज पडत नाही. आम्ही बागायतदार औषधाच्या डब्यावरची माहितीपत्रकं वाचतो, त्यात जितके «तसेच» जास्त तितकं डोकं जास्त दुखतं.

निवृत्त मास्तर, पंचवटी
पिंपळगावकर, निम्मं बरोबर बोललात. पण वरच्या परिच्छेदातले पाचही जोडशब्द खोडून वाचा. ठेच लागायची तिथेच लागते. म्हणजे दुखणं जोडशब्दात नाही, तो फक्त दुखण्याची जागा दाखवतोय.

एकेक जोड तपासू. «त्यामुळे पूर येतो» हे खोटं कारण आहे. शहर काठावर वसलं म्हणून नदीला पूर येत नाही. «शिवाय महापालिकेने...» इथे आधीची वाक्यं काय घडतं ते सांगतात आणि शेवटचं वाक्य मागणी करतं. हकिकतीत मागणीची भर घालता येत नाही, «शिवाय» तिथे नुसता चिकटवलाय.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती «परंतु»ची जागा. धरण आहे आणि त्यातून पाणी सोडतात, यात विरोध कसला? धरणातून पाणी सोडतातच. तरी मुलाने «परंतु» लिहिला, कारण त्याच्या मनात मधलं एक वाक्य होतं: धरण आहे म्हणजे पूर अडायला हवा. ते कागदावर उतरलंच नाही. जोडशब्द आला, ज्याला जोडायचं ते मागे राहिलं.

म्हणून असा शब्द दिसला की मी खोडत नाही. मुलाला विचारतो, «परंतु कशाला म्हणतोस?» तो तोंडी जे उत्तर देतो, तेच हरवलेलं वाक्य असतं. आता परिच्छेद असा होईल:

«नाशिकच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण आहे, त्यामुळे शहराला पुराची भीती नाही असे वाटेल. पण पावसाळ्यात धरण भरत आले की येणारे पाणी साठवायला जागा उरत नाही आणि ते खाली सोडावे लागते. हा विसर्ग वाढला की रामकुंडाजवळ पाणी चढते. काठावरच्या दुकानदारांना तेवढ्या वेळात माल हलवावा लागतो; ज्यांना जमत नाही, त्यांचे नुकसान होते. विसर्गाची सूचना त्यांच्यापर्यंत वेळेत पोचवणे, एवढे तरी महापालिकेने करावे.»

पाच जोडशब्दांचे दोन राहिले, पण ते दोन काढून चालणार नाहीत. «पण»च्या जागी «शिवाय» घालून वाचा, लगेच खटकेल. मूळ परिच्छेदात «तसेच»च्या जागी «परंतु» घातला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ही अदलाबदल वर्गात करून दाखवा. शब्द बदलूनही काही बिघडत नसेल, तर तिथे जोडच नव्हता.

परदेशी जायचंय
मला वेगळा अनुभव आलाय. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासमध्ये सांगितलं होतं की प्रत्येक वाक्याची सुरुवात जोडशब्दाने करा, गुण वाढतात. मी तसंच केलं आणि लेखनात कमी गुण पडले. मग कळलं की तिथे संसक्ती आणि सुसंगती मिळून एकच निकष आहे, आणि गुणांच्या वर्णनात जोडसाधनांचा अतिवापर ही उणीव म्हणून दिलीय. सगळ्यात वरच्या श्रेणीत तर ती जोडणी क्वचितच लक्षात यावी अशी अपेक्षा आहे.

पिंपळगावकर
मास्तर, तुमच्या परिच्छेदात «हा विसर्ग» कशाला? «यामुळे पाणी चढते» म्हटलं असतं तर?

निवृत्त मास्तर, पंचवटी
«यामुळे» म्हणजे नेमकं कशामुळे? धरण भरल्यामुळे, जागा न उरल्यामुळे की पाणी सोडल्यामुळे? वाचकाला मागे जाऊन शोधावं लागलं असतं. «हा विसर्ग» म्हटलं की आधीचं अख्खं वाक्य एका नामात गोळा होतं आणि पुढच्या वाक्याला तिथूनच निघता येतं. हॅलिडे आणि हसन या भाषाशास्त्रज्ञांनी 1976 साली इंग्रजीतली संसक्ती मांडली. त्यांच्या पाच प्रकारांत उभयान्वयी अव्ययांसारखे जोडशब्द हा एकच प्रकार आहे. सर्वनाम, एका शब्दाऐवजी दुसरा वापरणं, अध्याहार, शब्दांची पुनरुक्ती वा नातं हे बाकीचे. शाळेत तेवढा एकच प्रकार शिकवतात, म्हणून मुलांना जोडणी म्हणजे «तसेच, तथापि» एवढंच वाटतं.

गंगापूर रोड
पण शब्दांची पुनरुक्ती म्हणजे तरी सुसंगती नव्हेच की. हे घ्या: «द्राक्षाची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. ऑक्टोबरमध्ये कधीकधी दिवाळी येते. दिवाळीला मुंबईहून पाहुणे येतात. मुंबईला जायला पंचवटी एक्स्प्रेस सोयीची. पंचवटीत रामकुंड आहे.» प्रत्येक वाक्याचा हात पुढच्याच्या हातात, आणि गाडी छाटणीवरून रामकुंडात!

पिंपळगावकर
😂 आमचे सोसायटीचे चेअरमन असंच भाषण करतात.

निवृत्त मास्तर, पंचवटी
छान उदाहरण. आता याच्या उलट बघा. परवा कुणीतरी एवढंच लिहिलं होतं: «गंगापूरमधून विसर्ग वाढवला. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी.» जोडशब्द नाही, सर्वनाम नाही, एकही शब्द परत आलेला नाही. तरी कळलं.

सोलापूरकर
मला नाही कळलं. मारुतीचा काय संबंध?

गंगापूर रोड
गोदावरीच्या पात्रात रामकुंडाजवळ मारुतीची उंच मूर्ती आहे. पुराचं पाणी कुठवर आलं हे नाशिककर तिच्यावरून सांगतात. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत.

सोलापूरकर
आता कळलं. म्हणजे वाक्यं तीच, पण तुमच्यासाठी सुसंगत आणि माझ्यासाठी तुटक?

निवृत्त मास्तर, पंचवटी
तसंच. संसक्ती कागदावर बोट ठेवून दाखवता येते. सुसंगतीचा बराचसा भाग वाचक स्वतःच्या माहितीतून पुरवतो. आणि तुमच्यासाठी त्या दोन वाक्यांमध्ये «म्हणून» घातला असता तरी मारुती कोडंच राहिला असता.

अकरावीची मॅडम
इथेच माझी अडचण आहे, सर. मूल म्हणेल, «मला संबंध कळतोय, तुम्हाला कळत नसेल.» मग गुण कशावर कापायचे?

निवृत्त मास्तर, पंचवटी
वाचक कोण हे प्रश्नातच लिहा. «सोलापूरच्या मित्राला सांग» म्हटलं की मारुतीची ओळख करून देणं मुलाचं काम. नाहीतर त्याचं म्हणणं नाकारता येत नाही.

परदेशी जायचंय
सर, मला हे पटत नाही. परीक्षेत वाचक म्हणजे तपासणारे. त्यांच्यापुढे गठ्ठा असतो, ते वरवर जोडशब्दच बघतात.

अकरावीची मॅडम
गठ्ठ्याचं खरं आहे, नाकारत नाही. सध्या एवढंच ठरवते: फळ्यावरची जोडशब्दांची यादी पुसते, आणि उद्या «परंतु»वाला परिच्छेद देऊन मधलं वाक्य मुलांनाच शोधायला लावते. «मात्र» पण यात घेऊ का? तो वाक्याच्या सुरुवातीला लिहितात मुलं.

निवृत्त मास्तर, पंचवटी
जरूर घ्या. «पाऊस भरपूर झाला. विहिरी मात्र कोरड्या» यात विरोध कुणाशी ते «मात्र»च्या जागेवरून कळतं. तोच सुरुवातीला आणला की तो नुसता «पण» होतो.

शुद्धलेखनप्रेमी
वर्तमानपत्रांत सर्रास सुरुवातीलाच येतो. चूक म्हणायचं का त्याला?

गंगापूर रोड
मी तरी नाही म्हणणार. यावर वेगळा धागा काढा.