मदत हवी आहे: बॉर्डर्ड हेसियनचं चिन्ह उलटं का?

एमएच्या परीक्षेची तयारी चालू आहे. डोंबिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या सोडवलेलं गणित: वडापाव २० रुपये, कटिंग १० रुपये, खिशात २००. U = xy, अट 20x + 10y = 200. लाग्रांजने x = 5, y = 10, λ = 0.5 आलं. इथपर्यंत ठीक.

मग मी साधा हेसियन घेतला, तो −1 आला. म्हणजे सॅडल? क्लासमध्ये हेच लिहून मार्क घालवले होते! बॉर्डर्ड घेतला:

```
| 0  20  10 |
| 20  0   1 |
| 10  1   0 |
```

किंमत +400, आणि नियम म्हणतो धन असेल तर कमाल. अटीतून y = 20 − 2x घातलं तर U = 20x − 2x², दुसरा डेरिव्हेटिव्ह −4, म्हणजे कमालच. सॅडल असला तरी बजेटच्या रेषेवरून चालताना टेकडीच लागते, हे पटलं.

गंमत म्हणजे 400 = −(10²)(−4). हा १० अटीतला y चा सहगुणक. चिन्ह उलटतं ते या वजामुळेच ना? आणि अट वक्र असेल, समजा x² + y² = 50, तर आतले चार आकडे U चे घ्यायचे की लाग्रांजियनचे? मला लाग्रांजियनचे वाटतात, कारण अटीचा बाकही मोजावा लागेल. कुणी एक उदाहरण सोडवून दाखवाल का?