कोरी जागा आणि पितळी डबा

"लेखाच्या तुकड्यांमध्ये कोरी जागा सोडली की झालं का ललित?"

छे. जागेच्या अलीकडे-पलीकडे वस्तू बदललेली हवी. मी लालबागच्या घरातल्या पितळी डब्यावर लिहिलं होतं. एका तुकड्यात आई पहाटे अंगठ्याने कडी दाबून डबा बंद करते, बाबा पहिल्या पाळीला निघतात. पुढच्या तुकड्यात त्याच डब्यात खिळे आणि फ्यूजची तार. मध्ये '१९८२ चा संप झाला' हे वाक्य होतं (राहवलंच नाही!). ते खोडून दोन ओळी कोऱ्या सोडल्या. चाळीतल्या मावशी नेमक्या तिथे थांबल्या, "संपानंतरचं ना हे?" पुण्याच्या मित्राला मात्र कळेना, म्हणून पहिल्या तुकड्यात गिरणीचा भोंगा आणला. संप तरीही लिहिला नाही. शेजारचे दोन तुकडे उलटसुलट करून बघा. काहीच बिघडलं नाही, तर मधली जागा नुसतीच रिकामी आहे.