निरोपाच्या भेटीची वर्गणी नाकारली आहे का? कशी?

आमच्या शाखेत गेल्या तीन महिन्यांत चार निरोप झाले. दर वेळी ५०० रुपये. गटावर नावांची यादी येते आणि पैसे दिले की नावापुढे हिरवी खूण. शेवटी माझंच नाव कोरं राहतं आणि कोणीतरी "ताई, तुमचं राहिलंय" असं सगळ्यांसमोर लिहितं. घरात आजारपण आहे, ते गटावर सांगायचं नाही. तुम्ही काय केलंत?

बँकेतून निवृत्त, नाशिक
बरीच वर्षं वर्गणी मीच गोळा करायचो, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. गोळा करणाऱ्याला राग नकाराचा येत नाही, उशिराचा येतो. २० जण धरून १०,००० चं घड्याळ आणलं आणि मग तिघं मागे हटले, तर १,५०० माझ्या खिशातून जायचे. म्हणून यादी लागली त्याच दिवशी, वस्तू ठरायच्या आत, त्याला एकट्याला गाठा. "या वेळी मला धरू नका, मी त्यांना माझ्या परीने भेटते." एवढंच. कारण सांगितलं की समोरचा तोडगा काढतो: "मग पगार झाल्यावर द्या!"

पुणे, आयटी
मी "मी वेगळं काहीतरी देतोय" म्हणून सुटतो.

शिक्षिका, सातारा
तसं मीही म्हटलं होतं. समारंभात बाईंनी विचारलं, "तुमचं गिफ्ट कुठाय?" संध्याकाळी ७०० ची साडी घ्यावी लागली. खरंच देणार असाल तरच म्हणा.

केंद्र सरकारी कार्यालय, मुंबई
आमच्याकडे अशी वर्गणी काढायला कायद्यानेच बंदी आहे. १९६४ चे वर्तणूक नियम बघा.

त्याच खात्यातली, नागपूर
सरसकट बंदी नाही, दादा. नियम १४ प्रमाणे खाजगी, अनौपचारिक निरोप चालतो. मनाई आहे ती वर्गणीसाठी दबाव आणायला, आणि वरच्या अधिकाऱ्याच्या निरोपासाठी वर्ग ३-४ च्या लोकांकडून पैसे घ्यायला. आमच्या शिपाईकाकांकडून साहेबांसाठी २०० मागितले, तेव्हा मी हेच दाखवलं. यादी काढून टाकली, टेबलावर बंद पाकीट ठेवलं. कोणी किती टाकले, कळलंच नाही.

कोल्हापूर
माझ्या निरोपाला तर कोणी काहीच दिलं नाही. १९ वर्षं काढली तिथे. त्याचं काय करायचं?

धागाकर्ती
काका, वाचून वाईट वाटलं.
आज सकाळी चहाच्या वेळी गोळा करणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन नाशिककरांनी सांगितलेलं तेवढंच वाक्य बोलले. तो "बरं ताई" म्हणाला आणि यादीतून नाव काढलं. जाणाऱ्या मॅडमना पत्र लिहिलंय: पहिल्या ऑडिटला रात्री साडेनऊपर्यंत माझ्याशेजारी बसून त्यांनी फरक शोधून दिला होता, त्याबद्दल. पण भेटीवर "सर्व सहकाऱ्यांकडून" अशी चिठ्ठी लागणार आहे. पैसे न देता त्यावर सही करावी का?

नाशिक
मी करू द्यायचो.

सातारा
मी नसती केली.