दोघी दुसऱ्या आल्या, मग पुढचा तिसरा की चौथा?

येळ्ळूरची शिक्षिका: नववीच्या वार्षिक परीक्षेचा निकाल लावते आहे. वर्गात ४२ मुलं, एकूण गुण ६२५ पैकी. वरचे सात असे आहेत: ५९०, ५८३, ५८३, ५७७, ५७७, ५७७, ५७१. माझ्या तक्त्यात क्रमांक १, २, २, ३, ३, ३, ४ असे येतात. मुख्याध्यापक म्हणतात, १, २, २, ४, ४, ४, ७ यायला हवेत. माझ्या मते दोन जणी दुसऱ्या आल्या म्हणून पुढच्याचा तिसरा नंबर हिरावून घेऊ नये. तुम्हाला काय वाटतं? आणि मुख्याध्यापकांचंच बरोबर असेल तर सूत्रात काय बदलू? एक्सेलच्या F रकान्यात एकूण गुण आहेत आणि G मध्ये क्रमांक. G3 मधलं सध्याचं सूत्र हे:

```
=IF(F3=F2,G2,G2+1)
```

निपाणीचा क्लार्क: बाई, एवढं कशाला डोकं लावताय? RANK घाला की, आपोआप नंबर सुटतात. मी सात-आठ वर्षं हेच करतोय. पहिल्या ओळीत घालायचं आन् खालपर्यंत ओढायचं, झालं काम.

```
=RANK(F2,F2:F43)
```

शहापूरचा हिशेबनीस: बाई, मुख्याध्यापकांचं बरोबर आहे. क्रमांक म्हणजे काय, तर आपल्यापुढे किती जण आहेत त्यात एक मिळवायचा. ५७७ वाल्यांच्या पुढे तिघं आहेत, म्हणून ते चौथे. ५७१ वाल्याच्या पुढे सहा जण आहेत, म्हणून तो सातवा. तुमच्या तक्त्यात तो चौथा दिसतो. घरी जाऊन तो सांगणार, "माझ्यापुढे तिघंच आहेत," आणि आहेत सहा. तुमच्या मनात तसं नसलं तरी त्या आकड्यातून त्याला चुकीचीच गोष्ट कळते.

तुमच्या सूत्राला मुलं मोजताच येत नाहीत. वरच्या ओळीत तेच गुण असले तर ते वरचाच क्रमांक उतरवतं, गुण बदलले की एक वाढवतं. म्हणजे त्यात मोजले जातात ते वेगवेगळे गुण. दोघींना ५८३ मिळाले, पण त्याच्या लेखी ५८३ एकदाच आला. गुणांप्रमाणे उतरता क्रम लावूनच ठेवणार असाल, तर एवढाच बदल पुरे. G2 मध्ये १ लिहायचा आणि G3 पासून खाली हे ओढायचं:

```
=IF(F3=F2,G2,ROW()-1)
```

मथळ्याची एक ओळ वर आहे, म्हणून एक वजा. बरोबरी सुटली की आता एक वाढत नाही, त्या ओळीचा स्वतःचा अनुक्रमांक येतो. ५७७ चा पहिला मुलगा पाचव्या ओळीत आहे, म्हणून त्याला ४ मिळतो आणि खालचे दोघं तोच घेतात.

पण हे यादी उतरत्या क्रमात असेपर्यंतच चालतं. उद्या कुणी हजेरी क्रमांकाने लावली की सगळं विस्कटतं. म्हणून मी स्वतः हे वापरतो, यादी कशीही लावलेली असली तरी चालतं:

```
=COUNTIF($F$2:$F$43,">"&F2)+1
```

F2 पेक्षा जास्त गुण असलेले किती, अधिक एक. क्रमांकाची जी व्याख्या वर सांगितली, तीच जशीच्या तशी लिहिली आहे.

आणि क्लार्कसाहेब, RANK बरोबर, पण तुमच्या सूत्रात डॉलर नाही. खाली ओढलं की F2:F43 चं F3:F44 होतं, मग F4:F45. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या खालच्या मुलांशीच होते, वरचे सुटतात.

निपाणीचा क्लार्क: आमच्यात कधी चूक दिसली नाही वो.

शहापूरचा हिशेबनीस: तुमची यादी हजेरी क्रमांकाने असते ना? म्हणून दिसली नाही. उतरत्या क्रमात असती तर ४२ च्या ४२ मुलांना पहिला नंबर आला असता आणि लगेच लक्षात आलं असतं, कारण खालच्यांत प्रत्येक जण सगळ्यात मोठाच. हजेरीप्रमाणे असली की आकडे खरे वाटावेत असे येतात, एक्सेल चुकीची खूणसुद्धा दाखवत नाही. एकच करा, जुन्या फाइलमध्ये शेवटच्या हजेरी क्रमांकाच्या मुलाचा नंबर बघा. त्याच्या खाली कुणीच नाही, म्हणून तो दरवेळी पहिला येतो, मग त्याला कितीही कमी मार्क असोत.

निपाणीचा क्लार्क: बघितलं. गेल्या वर्षीच्या फाइलीत शेवटच्या पोराला १ आहे. पहिले तीन आम्ही गुण बघून हातानं काढतो, म्हणून बक्षिसात चूक झाली नाही. पण बाकीच्या पोरांच्या प्रगतिपत्रकावर चुकीचेच नंबर गेलेत. आता डॉलर घालतो, आन् मागच्या फाइलीही तपासतो.

खानापूरचे खेळाचे सर: बरोबरी झाली की गणिताचे मार्क बघायचे, ज्याला जास्त तो पुढे. उंच उडीत बरोबरी झाली की कोणी किती वेळा आडवी दांडी पाडली ते बघतात, तसंच. मग सुटण्याचा प्रश्नच राहत नाही.

येळ्ळूरची शिक्षिका: सर, दोघींना वेगळं करायचंच नाहीये मला. दोघी दुसऱ्या, हे मुख्याध्यापकांनाही मान्य आहे. प्रश्न त्यांच्या नंतरच्याचा आहे.

खानापूरचे खेळाचे सर: असं होय. मग तर माझ्याकडे चांगलंच उदाहरण आहे. टोकियोला २०२१ मध्ये उंच उडीत कतारचा बर्शिम आणि इटलीचा तांबेरी दोघांनी सुवर्ण वाटून घेतलं. तिघांनीही २.३७ मीटर पार केले होते, पण बेलारूसच्या नेदासेकाऊच्या चुका जास्त होत्या. त्याला रौप्य नाही, कांस्य मिळालं. दोघं पहिले, मग तिसरा. रौप्य कुणालाच नाही. मैदानावर कुणी म्हणालं नाही की त्याचं रौप्य हिरावलं.

येळ्ळूरची शिक्षिका: मोठ्या खेळाडूंचं ठीक आहे हो. माझ्याकडे चौदा-पंधरा वर्षांची मुलं आहेत. ५७७ वाले तिघंही खेड्यातून एसटीने येतात, त्यातल्या एकाच्या घरात शिकणारा तो पहिलाच. त्याला "चौथा" म्हणून परत पाठवायचं, तेही तिसरा कुणीच नसताना? रिकामी ठेवलेली ती जागा त्याला दिसते. शिवाय आमच्याकडे तिसऱ्या क्रमांकाचं बक्षीस एका माजी विद्यार्थ्याने आईच्या नावानं ठेवलंय. तिसरा नाहीच म्हटल्यावर ते द्यायचं कुणाला?

शहापूरचा हिशेबनीस: बक्षिसाची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण बक्षीस आणि क्रमांक यांचे रकाने वेगळे ठेवा. क्रमांकाचा रकाना हिशेब सांगतो, बक्षीस समिती ठरवते. देणगीदाराला विचारून "पहिल्या दोन क्रमांकांनंतरचे विद्यार्थी" असा शब्द करून घेता येईल. त्या मुलाला तिसरं बक्षीस जरूर द्या, पण प्रगतिपत्रकावर ४ लिहा. खालच्या मुलांचाही विचार करा. तुमच्या पद्धतीत शेवटच्या मुलाचा नंबर ४२ येत नाही, जितक्या बरोबऱ्या तितका तो वर सरकतो. ३१ आला तर पालकाला वाटतं वर्गात ३१ च मुलं आहेत.

यावरूनच तक्ता बरोबर आहे का ते तपासता येतं. शेवटच्या क्रमांकावर एकच मुलगा असेल तर तो क्रमांक पटाइतका, म्हणजे ४२ यायला हवा. शेवटी दोघं बरोबरीत असतील तर ४१. यापेक्षा वेगळं काही आलं तर कुठंतरी डॉलर राहिला, नाहीतर कुणाचे गुण मजकूर म्हणून टाइप झाले.

टिळकवाडीचा पालक: माझं उलटंच आहे. मुलीच्या शाळेच्या तक्त्यात तिचे आणि दुसऱ्या एका मुलीचे एकूण गुण ५४१ च दिसतात, तरी ती दुसरी आणि माझी तिसरी. शाळेत विचारलं तर म्हणाले, संगणक देतो तो नंबर. हे कसं?

शहापूरचा हिशेबनीस: एकूण किती पैकी? आणि दोघींचे विषयवार गुण आहेत का?

टिळकवाडीचा पालक: ६०० पैकी. माझ्या मुलीला प्रथम भाषा मराठीत १२५ पैकी ११५, बाकी पाच विषयांत मिळून ४४९. दुसरीला ११४ आणि ४५०.

शहापूरचा हिशेबनीस: मग कारण सापडलं. आपल्या कर्नाटक बोर्डात दहावीला प्रथम भाषा १२५ ची आणि बाकी पाच विषय १०० चे, म्हणून ६२५. तुमच्या शाळेनं मराठीचे गुण १०० पैकी करून घेतलेत. ११५ चे झाले ९२, एकूण ५४१. दुसरीच्या ११४ चे झाले ९१.२, एकूण ५४१.२. रकाना पूर्णांकात दाखवायचा ठेवलाय, म्हणून दोन्हीकडे ५४१ दिसतं, पण सूत्र आतला .२ बघतं. तो रकाना निवडून दशांश वाढवा, लगेच दिसेल.

६२५ पैकी धरले तर दोघींचे ५६४ च होतात, म्हणजे दोघी दुसऱ्या. तुमच्या मुलीनं मराठीत एक गुण जास्त मिळवला आणि नेमका तोच तिला मागं ओढतो, कारण रूपांतरात मराठीचा एक गुण ०.८ चा होतो. माझं मत विचाराल तर क्रमांक कायम मूळ ६२५ वर काढावा. ते पूर्णांक असतात, बरोबरी असली तर ती उघड दिसते, आणि गुणपत्रिकेशी ताडून बघता येते.

खानापूरचे खेळाचे सर: इथं मी नाही सहमत. ६२५ धरले की मराठीला गणितापेक्षा जास्त वजन मिळतं. सगळे विषय सारखे हवेत असं एखाद्या शाळेनं ठरवलं तर त्यात चूक काय? फक्त दशांश दाखवावेत.

शहापूरचा हिशेबनीस: दशांश दाखवून, आधी जाहीर करून केलं तर ती त्या शाळेची पद्धत. मला तरी बोर्ड ज्यावर निकाल लावतं त्याच बेरजेवर मुलाला तोलावं वाटतं. इथं आपलं एकमत होणार नाही.

टिळकवाडीचा पालक: विषयवार गुण घेऊन सोमवारी जातो शाळेत.

येळ्ळूरची शिक्षिका: COUNTIF घातलं. १, २, २, ४, ४, ४, ७ आले. शेवटी दोघं बरोबरीत आहेत, त्यांना ४१ आला, म्हणजे ताळा जमतो. प्रगतिपत्रकावर हेच जाईल. बक्षिसाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. तिघांनाही मंचावर "तिसरं बक्षीस" म्हणूनच बोलवा, असं मुख्याध्यापकांना सांगणार आहे. रक्कम तिघांत वाटायची की प्रत्येकाला पूर्ण द्यायची, ते देणगीदाराला फोन करून विचारते.