प्रतिसाद: तोंडी आकड्यावर चेक देऊ नका

"गृहकर्जाचं शिल्लक मुद्दल ८ लाख ४० हजार, दर ९ टक्के, फ्लोटिंग. ५ तारखेचा हप्ता गेला. २० तारखेला फेडायचं तर शाखेत तोंडी ८ लाख ५१ हजार सांगतात. भरू का?"

दादा, आधी अर्ज द्या अन् दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्या. आमच्या लातूरच्या घराच्या कर्जासाठी मी असं लिहिलं होतं:

"कर्ज खाते क्र. ___ दि. ___ रोजी पूर्ण फेडायचे आहे. त्या तारखेचे फोरक्लोजर स्टेटमेंट द्यावे. शिल्लक मुद्दल, तोवरचे व्याज, पुढील प्रत्येक दिवसाचे व्याज आणि प्रत्येक शुल्क जीएसटी व करारातील कलमासह वेगळे दाखवावे."

तुमचा हिशोब बघा. दिवसाचं व्याज सुमारे २०७ रुपये, १५ दिवसांचं ३,१०७. म्हणजे ८,४३,१०७. वरचे आठएक हजार कशाचे? वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेच्या नियमानं लागत नाही. मला तो 'प्रोसेसिंग' नावानं लावला होता. कलम विचारलं तसा गळाला. फिक्स्ड दर असता तर करार बघावा लागला असता.

पैसे भरायला उशीर झाला तर रोजचे २०७ धरून नवा आकडा लेखी घ्या. नाहीतर दोन-चारशे रुपयांपायी खातं उघडंच राहतं.