मदत हवी आहे: व्हॅल्यू स्ट्रीम मॅपमध्ये ड्रॉइंग अप्रूव्हलचा वेळ धरायचा की सोडायचा?

पॅनेलवाला_बडोदा

नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत आमचं एलटी कंट्रोल पॅनेल बनवायचं युनिट आहे, मी तिथे प्लॅनिंग बघतो. महिन्याला २४ च्या आसपास पॅनेल निघतात, म्हणजे कामाच्या दिवसाला साधारण एक. कस्टमरला आम्ही सहा आठवडे सांगतो आणि जातात सात-आठ, मग एलडी कापली जाते आणि शेठ दर सोमवारी मीटिंगमध्ये वायरिंगवाल्यांवर घसरतात. त्यांचं म्हणणं आहे की अजून दोन वायरमन घ्या म्हणजे प्रश्न मिटला.

मला ते पटत नव्हतं म्हणून व्हॅल्यू स्ट्रीम मॅप काढायला घेतला. ईआरपीतून तारखा काढल्या, वर्क ऑर्डर रिलीज झाल्यापासून डिस्पॅचपर्यंत २४ दिवस येतात. पण कस्टमर तर पीओ दिल्या दिवसापासून मोजतो ना, आणि त्याच्या हिशोबाने ४५ च्या पुढेमागे होतात (कामाचे दिवस). मधले वीस-एकवीस दिवस माझ्या मॅपवर कुठेच नाहीत. ते बहुतेक जीए ड्रॉइंग बनवणं, कस्टमरकडे पाठवणं, अप्रूव्हल येणं यात जातात. आता आमचे सेल्सवाले म्हणतात तो कस्टमरचा वेळ आहे, आपल्या मॅपवर लिहायचाच नाही. दुसरं म्हणजे एकच ड्रॉइंग दोन-तीनदा जाऊन येतं, तर ती फेरी कागदावर दाखवायची कशी? कुणी ऑर्डरवर माल बनवणाऱ्या कारखान्यात हे केलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात शेठसमोर मांडायचंय.

लीन_शिकतोय

दादा आधी टॅक्ट टाइम काढा. दिवसाला एक पॅनेल म्हणजे ८ तास. वायरिंगला एका पॅनेलला किती तास लागतात? २० लागत असतील तर अडीच माणसं सतत पाहिजेत, म्हणजे तीन. तेवढी असतील तर वायरिंग अडत नाही, हे शेठना आकड्यात दाखवा. अप्रूव्हलचं म्हणाल तर मीही म्हणेन काढून टाका, जे आपल्या हातात नाही ते मॅपवर ठेवून काय उपयोग. बाकी खरेदी, शीट मेटल, पावडर कोटिंग, वायरिंग, टेस्टिंग सगळ्यांचे दिवस खाली रेघेवर लिहा आणि बेरीज करा, झाला लीड टाइम.

पॅनेलवाला_बडोदा

वायरिंगला २० तासच लागतात आणि माणसं चार आहेत. म्हणजे तिथे अडायला नको हे बरोबर. प्रत्यक्ष हात लागतो तो वेळ सगळा मिळून, ऑर्डर एंट्रीपासून टेस्टिंगपर्यंत, ३७ तासांच्या आसपास आहे, पाच दिवससुद्धा नाही. बाकीचे चाळीस दिवस पॅनेल नुसतं कशाची तरी वाट बघतंय.

इंदूरची_सुनंदा

आमचं इंदूरला खोके बनवायचं काम आहे, कोरुगेटेड बॉक्स, नमकीनवाल्यांना देतो. तुमचा प्रश्न डिलिव्हरीचा आहे ना? आमच्याकडे माल दोन दिवसांत तयार होतो आणि मग गाडी भरायची म्हणून चार-चार दिवस गोदामात पडून राहतो, कधी पार्टीचं जुनं पेमेंट यायचं असतं म्हणून अकाउंट्सवाला चलान अडवतो. आम्ही तयार मालावर तारीख लिहिलेली चिठ्ठी लावायला लागलो तेव्हा कुठे दिसलं किती दिवस जातात ते. तुम्ही तयार पॅनेल बघितलीत का किती उभी आहेत?

जुना_पीपीसी

मी ग्वाल्हेरचा, आता रिटायर, आयुष्य प्लॅनिंगमध्येच गेलं. दोनतीन गोष्टी सांगतो.

पहिलं, अप्रूव्हल मॅपवर पाहिजेच. मॅप सुरू कुठे करायचा ते कस्टमर ठरवतो, आपलं ईआरपी नाही. तुमचं ईआरपी घड्याळ सुरूच करतं वर्क ऑर्डरला, म्हणून अर्धा वेळ दिसत नाही. हातात आहे की नाही हे आधीच ठरवून खोडलंत तर ते खरंच हातात नव्हतं का हे कधी कळणारच नाही.

दुसरं, वेळ मोजायला ऑर्डरच्या मागे धावत बसू नका. एका दिवशी वहीपेन घेऊन डिस्पॅचपासून उलटं चालत या आणि प्रत्येक टप्प्यावर किती ऑर्डरी पडल्यात ते मोजा, शॉपवरच्या तर मोजाच पण सेल्सच्या टेबलावरच्या, डिझाइनच्या मेलमधल्यासुद्धा. रोज एक पॅनेल निघतं म्हणजे जिथे सात ऑर्डरी पडल्यात तिथे सरासरी सात दिवस जातात, हिशोब संपला. आणि याचा फायदा असा की ड्रॉइंगच्या फेऱ्या वेगळ्या गुणायला लागत नाहीत, जी ऑर्डर तिसऱ्यांदा आलीय तीही त्याच ढिगात मोजली जाते. मात्र महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मोजू नका, तेव्हा सगळे डिस्पॅचच्या मागे लागलेले असतात आणि आकडा खोटा येतो. मधल्या दिवसांत मोजा, एक-दोन आठवडे सोडून परत मोजा.

तिसरं लीन_शिकतोय यांच्यासाठी. टॅक्टचं गणित बरोबर केलंत, पण सगळ्यांची बेरीज करायची नाही. ब्रेकर, कॉन्टॅक्टरची खरेदी आणि शीट मेटल एकाच वेळी चालू असतात. दोन्ही रस्ते वेगळे काढायचे आणि खालच्या रेघेवर जो लांब आहे तोच धरायचा, नाहीतर तेच दिवस दोनदा मोजले जातील आणि शेठ पहिल्याच मिनिटाला पकडतील.

आणि अप्रूव्हलचा एकच डबा काढू नका. दोन काढा: कस्टमरकडे आहे, आणि कॉमेंट येऊन आपल्याकडे परत पडलंय. मधे उलटा बाण काढा आणि त्यावर लिहा की दर दहा ड्रॉइंगांतली किती परत येतात. हे दोन डबे वेगळे केलेत की सेल्सवाल्यांशी वाद घालावा लागणार नाही, आकडा बोलेल.

विशाल_के

कुठलं सॉफ्टवेअर वापरता मॅप काढायला? फ्री टेम्पलेट असेल तर लिंक द्या.

जुना_पीपीसी

मोठा कागद, पेन्सिल आणि खोडरबर. कॉम्प्युटरवर काढलेला मॅप एकटा माणूस काढतो आणि बाकीचे नुसती मान डोलावतात. भिंतीवर कागद लावलात तर वायरमनसुद्धा येऊन सांगतो की इथे तुम्ही चुकीचं लिहिलंय.

पॅनेलवाला_बडोदा

काका खूप खूप आभार. मोजणी केली, महिन्याच्या मधल्याच दिवसांत. एंट्रीसाठी पडलेले पीओ २, ड्रॉइंग बनायचं बाकी ५, अप्रूव्हलमध्ये १४, मटेरियलची वाट बघत १०, शीट मेटल आणि पावडर कोटिंगमध्ये ५, वायरिंगला ४, टेस्टिंगला १, तयार होऊन उभी ४. बेरीज बरोबर ४५ आली! शीट मेटल आणि खरेदी एकदम चालते म्हणून प्रत्येक ऑर्डर जिथे अडलीय तिथे एकदाच मोजली.

वायरिंगच्या चार दिवसांतले अडीच तर खऱ्या कामाचेच आहेत, म्हणजे दोन माणसं वाढवून फार तर एखादा दिवस वाचेल.

आता ते १४. डिझाइनच्या मुलाच्या शेजारी बसून एकेक मेल उघडला. खरोखर कस्टमरकडे होती ८. उरलेल्या सहांवर कॉमेंट येऊन आमच्याच इनबॉक्समध्ये पडल्या होत्या, आणि का पडल्या होत्या तर सेल्सवाले नव्या ऑर्डरच्या ड्रॉइंगसाठी त्याच्या मानेवर बसलेले असतात, म्हणून तो बिचारा दिवसभर नवी ड्रॉइंग करतो आणि कॉमेंटवाली सगळी शनिवारी एकदम घेतो. म्हणजे सोमवारी आलेल्या कॉमेंटला पाच दिवस हात लागत नाही आणि काम असतं कधीकधी अर्ध्या तासाचं. ऑफिसमध्ये सगळे समजत होते की कस्टमर झोपलाय.

मग मागच्या २० ऑर्डरींच्या फाइली काढल्या. पहिल्या फेरीत अप्रूव्ह झालेली फक्त ५. कॉमेंट काय तर केबल एंट्री खालून पाहिजे, शेड आरएएल ७०३२ ऐवजी दुसरी पाहिजे, आउटडोअरला ठेवायचंय म्हणून आयपी ५५ करा, बसबार अॅल्युमिनियम नको कॉपर द्या, ब्रेकर अमुक मेकचेच. यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी पीओ आला त्या दिवशी एक फोन करून विचारता आल्या असत्या, आम्ही अंदाजाने ड्रॉइंग काढून पाठवत होतो.

सुनंदाताई, तुमचंही कामाला आलं. ती चार उभी होती त्यातली तीन इन्स्पेक्शनची वाट बघत होती. आम्ही टेस्टिंग झाल्यावर कस्टमरला कॉल देतो आणि त्यांचा इन्स्पेक्टर तीन-चार दिवसांनी येतो.

इंदूरची_सुनंदा

अहो मग वायरिंग सुरू झालं की लगेच कॉल द्या ना!

पॅनेलवाला_बडोदा

तेच ठरवलंय. टेस्टिंग फेल झालं तर इन्स्पेक्टर फुकट यायचा ही भीती आहे, पण आमच्याकडे टेस्टिंगला मोठं काही क्वचित निघतं, निघतो तो एखादा लूज टर्मिनल किंवा चुकलेला फेरूल नंबर, तासाभरात होतो. बघू.

लीन_शिकतोय

बेरीजवाली गोष्ट समजली, थँक्स. पण मला अजून वाटतं ती ८ तरी वेगळ्या रंगात दाखवा, नाहीतर मॅनेजमेंट म्हणणार हे पण तुम्हीच कमी करा.

जुना_पीपीसी

वेगळा रंग चालेल, खोडायचं नाही इतकंच. आणि ती ८ सुद्धा पूर्ण त्यांची नाहीत. ड्रॉइंग परत गेलं नसतं तर दुसऱ्यांदा त्यांच्या टेबलावर पडलंच नसतं. पीओबरोबर प्रश्नांचा एक कागद भरून घ्या, तो भरल्याशिवाय डिझाइनने ड्रॉइंगला हात लावायचा नाही. आणि डिझाइनमध्ये रोज सकाळचा पहिला तास फक्त कॉमेंटचा ठेवा. माझ्या अंदाजाने १४ चे ७-८ व्हायला हरकत नाही. मग मटेरियलच्या दहाकडे वळा. सिंगल लाइन डायग्राम पीओबरोबरच येत असेल तर इनकमरचा ब्रेकर जीए अप्रूव्हलला न थांबता मागवता येतो, त्याचं रेटिंग कॅबिनेटच्या मापावर अवलंबून नसतं.

पॅनेलवाला_बडोदा

इथेच गाडी अडलीय काका. परचेसवाले साहेब म्हणतात मागे असाच आधी मागवलेला एसीबी कस्टमरने रेटिंग बदलल्यामुळे अंगावर पडला, सप्लायर परत घेत नाही, आणि तो महागाचा माल. शेठ त्यांच्याच बाजूने आहेत. फायलींत बघितलं तर इनकमरचं रेटिंग बदललेल्या ऑर्डरी २० मधे २ आहेत, पण त्या दोन कुठल्या निघतील हे आधी ओळखायचं कसं?

जुना_पीपीसी

त्या दोन्ही ऑर्डरी कुठल्या कस्टमरच्या होत्या? आणि बदल कस्टमरने केला की मधल्या कन्सल्टंटने? कन्सल्टंट असलेल्या ऑर्डरी बाजूला काढून बाकीच्यांचंच आधी मागवता येईल का ते बघा.

पॅनेलवाला_बडोदा

एक कन्सल्टंटवाली नक्की होती, दुसरीची फाइल परत काढावी लागेल. कन्सल्टंट नसताना कुणी लाँग लीड आयटम आधी मागवत असेल तर तुम्ही कस्टमरकडून लेखी काय घेता ते सांगा, नुसत्या मेलवर शेठ तयार होणार नाहीत.